आंधळी सही की कुलूपबंद बेरीज? संस्थेचं मतदान ऑनलाइन घेण्याआधी

दोनेकशे सभासदांच्या आमच्या संस्थेत कार्यकारिणीची निवडणूक ऑनलाइन घ्यायचं ठरलं आणि पहिल्याच बैठकीत एका काकांनी नेमका प्रश्न विचारला, "माझं मत मोजलं गेलं हे मला कळणार, पण मी कुणाला दिलं हे तुम्हाला कळणार नाही, हे एकाच वेळी कसं जमायचं?" व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, पण पुढे ती बेरजेत पोचली का, हे आपल्याला पाहता येत नाही. काकांना तेच पाहायचं होतं. त्यासाठी आमच्यापुढे दोन रस्ते होते.

पहिला रस्ता आंधळ्या सहीचा. डेव्हिड चॉम यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडली. कार्बन पेपर लावलेल्या पाकिटात मतपत्रिका बंद करून द्यायची. अधिकारी ओळखपत्र पाहतो, यादीत खूण करतो आणि पाकिटावर सही करतो. ती सही आतल्या कागदावर उमटते, मजकूर मात्र त्याला दिसत नाही.

हेच गणितात, खेळण्यातले आकडे घेऊन. अधिकाऱ्याचा जाहीर आकडा ३३, पडताळणीचा घातांक ३ आणि सहीचा गुप्त घातांक ७. माझ्या मतपत्रिकेचा आकडा ५. मी मनात २ धरतो आणि ५ × २³ = ४० करतो. ३३ ने भागून बाकी ७ उरते, ती पाठवतो. अधिकारी ७ चा सातवा घात काढून बाकी २८ परत देतो. मी २८ ला २ ने भागतो, १४ मिळतात. ही झाली ५ वरची सही. कुणीही ताळा करावा: १४³ = २७४४, ३३ ने भागून बाकी ५. गंमत अशी, की मतपत्रिका २ असती आणि मनातला आकडा २६, तरी अधिकाऱ्याला ७च दिसला असता. म्हणजे ७ वरून मत ओळखणं अवघड नव्हे, अशक्य आहे. खऱ्या मतपत्रिकेत मताबरोबर एक लांबलचक यादृच्छिक क्रमांक असतो. शेवटी सगळ्या मतपत्रिका सगळ्यांना दिसणाऱ्या जाहीर फलकावर लागल्या की त्यावरूनच आपली शोधायची.

गणित चोख आहे. घोळ होतो तो टपालात. सभासदाने ९:०५ ला सही घेतली आणि ९:०६ ला "निनावी" मत टाकलं, तर सर्व्हरची नोंद आणि आयपी पत्ता सगळं सांगून मोकळे. म्हणून शनिवारपर्यंत सह्या, रविवारी मतं, आणि तीही पाठवणाऱ्याचा पत्ता लपवणाऱ्या टॉरसारख्या वाटेने, असं काहीतरी करावं लागतं. आमच्या ज्येष्ठ सभासदांना टॉर शिकवायची माझी तयारी नव्हती! शिवाय जे फिरकलेच नाहीत त्यांच्या नावावर अधिकारी स्वतःच पत्रिका सही करून घुसडू शकतो. त्यावर उपाय म्हणजे सही कुणीकुणी घेतली ती यादी जाहीर करायची. फलकावरची मतं तिच्यापेक्षा जास्त भरली, तर चोरी पकडली जाते.

दुसरा रस्ता हेलिऑससारख्या ऑनलाइन मतदान प्रणालीचा. इथे मतदार अनामिक नसतो. त्याच्या नावासमोर किंवा टोपणनावासमोर कुलूपबंद मत फलकावर लागतं, आणि ते कधीच एकेकटं उघडत नाहीत. 'हो' म्हणजे २¹, 'नाही' म्हणजे २⁰ समजा. तीन मतांचा गुणाकार २¹ × २⁰ × २¹ = २², म्हणजे दोन 'हो'. कुलपं न काढताच गुणाकार होतो आणि कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारे विश्वस्त फक्त एकूण आकडा उघडतात. कुणी 'हो'च्या जागी पाच घालू नये म्हणून प्रत्येक मतासोबत ते ० किंवा १च असल्याचा गणिती पुरावा जोडावा लागतो. आपला संगणकच फसवत नाही ना, हे पाहायचं तर मत टाकण्याऐवजी 'तपासा' म्हणायचं. ते कुलूपबंद मत उघडून दाखवलं जातं, बाद होतं आणि नवं बनवायचं.

इथे जोखीम किल्ल्यांची. सगळे विश्वस्त संगनमताने वागले तर प्रत्येक मत उघडेल, आणि एकाने किल्ली हरवली तर काहीच उघडणार नाही. २०२५ मध्ये हे घडलं ते चक्क आयएसीआर या क्रिप्टोग्राफी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत! तीनपैकी एका विश्वस्ताची किल्ली गेली, निकाल लागेना आणि निवडणूक पुन्हा घ्यावी लागली.

विकत घेतलेल्या मतापासून दोन्ही वाचवत नाहीत. आंधळ्या सहीत मी फलकावरच्या माझ्या क्रमांकाकडे बोट दाखवून "हे घ्या" म्हणू शकतो, आणि हेलिऑसमध्ये खरेदीदाराला शेजारी बसवून मत देऊ शकतो.

आम्ही दुसरा रस्ता घेतला, तीनपैकी कोणत्याही दोन किल्ल्यांनी निकाल उघडेल अशी सोय करून. मात्र वीस वर्षांनीही मत फुटता कामा नये अशी निवडणूक असेल, तर मी पहिलाच घेईन. फलकावरची कुलूपबंद मतं कुणीही उतरवून ठेवू शकतो आणि उद्याचा क्वांटम संगणक ती उघडू शकतो. आंधळ्या सहीतल्या त्या ७ मध्ये मात्र उघडण्यासारखं काही नसतंच, फक्त टपालाची वाट तेवढी खरोखर निनावी हवी.