आफ्रिकेच्या काजूसाठी घेतलेली 'ऑल रिस्क्स' मरीन पॉलिसी: एक हंगाम वापरल्यावर

नूतनीकरणाचं पत्र आलंय आणि दाव्याचे पैसेही जमा झालेत, म्हणून आता लिहितो. आमचा चंदगडकडे काजूप्रक्रियेचा कारखाना आहे. स्थानिक बी संपली की आयव्हरी कोस्टची मागवतो. व्यवहार सी अँड एफ, म्हणजे जहाजाचं भाडं विक्रेत्याचं आणि विमा आमचा. ओपन पॉलिसी घेतलीय, प्रत्येक खेपेला त्यावर सर्टिफिकेट निघतं. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत आयसीसी 'ए', म्हणजे मालविम्याच्या ठरावीक कलमांचा सगळ्यांत व्यापक संच, ऑल रिस्क्स. मागच्या बाजूला राखाडी शाईत मुंगीएवढ्या अक्षरांचा मजकूर. या अक्षरांवर माझा राग आहे आणि तो पुढे पुन्हा येईल.

आबिजानहून न्हावाशेवामार्गे चाळीस फुटी कंटेनर आला. ८० किलोची ३२० पोती, माल ३२ लाखांचा. विमा नेहमीसारखा दहा टक्के वाढवून, ३५ लाख २० हजारांचा. कारखान्याच्या फाटकात सील तोडायच्या आधी आमच्या गोदामवाल्या काकांनी सीलचा नंबर बिल ऑफ लेडिंगशी ताडून पाहिला. जुळला. दार उघडलं तर कुबट वास आणि दाराजवळच्या वरच्या थरातली पोती ओली. ड्रायव्हर बिल्टी पुढे करून म्हणाला, "काका, सही द्या, मला परत गाडी लावायचीय." काकांनी सही दिली, पण वर लिहिलं: 'छताखालची पोती ओली, तपासणी बाकी, हरकत राखून.' तोडलेलं सील पिशवीत घालून कपाटात ठेवलं.

ही एक ओळ आमच्या अख्ख्या दाव्याचा कणा ठरली. सर्टिफिकेटच्या मागे तेच छापलंय: माल संशयास्पद दिसत असेल तर लेखी हरकतीशिवाय 'सुस्थितीत मिळाला' अशी पावती देऊ नका. सील तुटलेलं किंवा वेगळं असेल तर तसं पावतीवर लिहा आणि ते सील जपून ठेवा. नुकसान समोर दिसत असेल तर वाहतूकदाराला लगेच पाहणीला बोलवा. दिसत नसेल तर ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत त्याला लेखी कळवा. विमा कंपनीला कळवायचं ते वेगळं. पुष्कळ जण विमा एजंटला फोन करतात आणि शिपिंग लाइनला काहीच लिहीत नाहीत. विमा कंपनी आपल्याला पैसे देऊन नंतर जहाजवाल्याकडून वसूल करायला जाते. आपण कोरी सही दिली किंवा वेळेत पत्र दिलं नाही, तर तिचा तो हक्क लंगडा होतो आणि कात्री आपल्या दाव्याला लागते. आम्ही त्याच दिवशी शिपिंग लाइनचा एजंट, ट्रकवाला आणि विमा कंपनी अशा तिघांनाही फोटोंसह ईमेल केले. इतकी महत्त्वाची गोष्ट सहा पॉइंटच्या बारीक अक्षरांत, राखाडी शाईत! जाहिरातीचं पत्रक मात्र चकचकीत, चार रंगांत.

सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी आला. तोवर आम्ही ओली पोती वेगळी करून सुकायला पसरली होती, नमुन्याची थोडी तशीच ठेवली होती. हेही कर्तव्यात येतं: विमा आहे म्हणून माल कुजत ठेवायचा नाही, नुकसान वाढू द्यायचं नाही. त्याने ओल्या बारदानावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. छताखालच्या पोत्यांवर दह्यासारखं पांढरं फुटलं, म्हणजे खारं पाणी, म्हणजे समुद्रावरचं नुकसान. भिंतीलगतच्या पोत्यांवर काहीच नाही. मग रिकाम्या कंटेनरमध्ये शिरून त्याने दार बाहेरून लावून घेतलं आणि आतून छताचे फोटो काढले. दाराजवळच्या कोपऱ्यात प्रकाशाचे तीन टिपके स्वच्छ दिसत होते.

इथून पुढे माझं मत दोनदा बदललं.

छतातल्या भोकामुळे भिजलेली पोती ४४ होती. त्यावर वाद झाला नाही. पण भिंतीलगतची ६० पोती बुरशीची होती, आणि ते पाणी आतल्याच दमटपणाचं, कंटेनरला घाम फुटून गळलेलं. कंपनीचं पत्र आलं: मंजूर नाही. कारण कलम ४.३, अपुरं किंवा अयोग्य पॅकिंग. कंटेनरच्या भिंतींना क्राफ्ट पेपर नव्हता, ओल शोषणाऱ्या पिशव्याही नव्हत्या. मी भडकलो. कंटेनर भरला आबिजानच्या विक्रेत्याने, आम्ही तिथे नव्हतो, मग पॅकिंगचा दोष आमच्या माथी कसा?

ब्रोकरने कलम शांतपणे वाचून दाखवलं आणि माझी बोलती बंद झाली. या कलमात 'पॅकिंग'मध्ये कंटेनरमधली मांडणीही धरलीय. ते काम विमाधारकाने किंवा त्याच्या नोकरांनी केलेलं असेल, किंवा विमा सुरू होण्याआधी झालेलं असेल, तर नुकसान वगळलं जातं. सी अँड एफमध्ये माल जहाजावर चढल्यावर जोखीम आपल्याकडे येते, आमचा विमाही तिथूनच. कंटेनर त्याआधीच भरलेला. म्हणजे दुसऱ्याने भरला तरी वगळणूक लागू. विमा विक्रेत्याच्या गोदामापासून सुरू असता, तर दुसऱ्याने भरलेल्या कंटेनरवर निदान भांडता आलं असतं. आता विक्रेत्याच्या करारातच कागद आणि पिशव्या लिहून घेतो, कंटेनर भरतानाचे फोटोही मागतो. ते जमलं नाही तर माल उचलत नाही.

बाकीच्या वगळणुकी काजूवाल्याला ओळखीच्याच आहेत. प्रवासात बी सुकून वजन नेहमीइतकं घटलं, तर ती नेहमीची घट, मिळत नाही. बी मुळातच ओली भरली असेल आणि तिच्याच ओलीने खराब झाली, तर तो मालाचा अंगचा दोष, मिळत नाही. म्हणून भरतानाचा ओलाव्याचा दाखला फाइलला हवाच. जहाज वाटेत रखडलं आणि तोवर बाजार पडला, तर उशिराचं नुकसान, तेही नाही. मग उशीर वादळाने झालेला असो. युद्ध आणि संपाची कलमं वेगळी जोडून घ्यावी लागतात. आणि एक गोष्ट गोदाम भरलेलं असणाऱ्यांसाठी: कंटेनर अंगणात उभा करून त्याचंच गोदाम केलंत, तर विमा तिथेच संपतो. जहाजातून माल उतरल्यावरचे ६० दिवस शिल्लक आहेत, या भरवशावर राहू नका; दोन्हींतलं जे आधी घडेल ते लागू.

आता हिशोब. ३२० पैकी ४४ पोती म्हणजे १३.७५ टक्के, विम्याच्या रकमेत ४ लाख ८४ हजार. सुकवून विकता येईल, असं धरून घसारा ४० टक्के ठरला, म्हणजे १ लाख ९३ हजार ६००. त्यातून एक्सेस, म्हणजे दाव्यातला आपणच सोसायचा भाग, पूर्ण खेपेच्या विमा रकमेच्या अर्धा टक्का, १७ हजार ६०० वजा. हातात १ लाख ७६ हजार. एक्सेस नुकसानीवर नाही, अख्ख्या खेपेवर मोजतात, हे सर्टिफिकेट घेताना विचारून घ्या. लहान दावा त्यातच गिळला जातो.

सुरुवातीला ही पॉलिसी मला निव्वळ कागद वाटली होती. नंतर ६० पोत्यांवरून शिव्या घातल्या. आता म्हणेन, सर्व्हेअर चांगला, उत्तरं वेळेवर, पैसे हिशोबाप्रमाणे. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या राखाडी अक्षरांचा कापला. तो मजकूर मी मोठा टाइप करून, मराठीत, फाटकाजवळच्या खोलीत चिकटवलाय, कारण तिथेच सही होते. सीआयएफमध्ये विमाही विक्रेताच काढतो, आणि त्याने पाठवलेल्या सर्टिफिकेटवर बहुधा 'सी' हा सगळ्यांत तोकडा संच असतो, त्यात असं छतातून आलेलं पाणी बसलंच नसतं. म्हणून अजून तरी विमा आपल्याकडेच ठेवतोय.

नूतनीकरणात त्यांनी एक्सेस एक टक्का केलाय. मी अर्ध्यावरच अडून बसलोय, दोन दुसऱ्या कंपन्यांचे दरही मागवलेत.