फोटोवरून लाकूड ओळखताना: साग, साल की पाईन?

दाराच्या चौकटीसाठी लाकूड घ्यायचं असतं. वखारवाला किंवा जुनं लाकूड विकणारा मोबाइलवर दोन-तीन फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, "सागवान, एक नंबर." फोटोत तपकिरी रंग आणि सुंदर रेषा दिसतात. एवढ्यावर होकार देऊ नका. हे फोटो बहुतेक वेळा लांब बाजूचे असतात आणि नेमकी हीच बाजू फसवते. करवतीने आडवं कापल्यावर जे तोंड दिसतं, त्याचा एक नीट फोटो मागवा. साग, साल आणि पाईन यांतला फरक तिथे उघड दिसतो.

सागाच्या तोंडावर वार्षिक वलयं स्पष्ट असतात. प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक ओळ असते, कधी दोन. ही छिद्रं नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. त्यांच्या आजूबाजूला फिकट पट्टा असतो. पुढे वलय संपेपर्यंत छिद्रं लहान आणि विरळ होत जातात, मग पुन्हा मोठ्या छिद्रांची ओळ सुरू होते. काही छिद्रांत पांढरट-पिवळसर भरणही दिसतं. लागवडीचा साग झपाट्याने वाढतो, त्यामुळे त्याची वलयं रुंद आणि ही मांडणी ठळक असते. जंगलात हळू वाढलेल्या जुन्या सागात मात्र वलयं इतकी दाट असतात की मोठ्या छिद्रांच्या ओळी एकमेकींना भिडतात, आणि मोबाइलच्या फोटोत सगळीकडे सारखीच छिद्रं असल्याचा भास होतो. जुन्या वाड्याची तुळई बघताना हे विसरू नका. नाहीतर अस्सल साग नाकारून बसाल.

सालाची छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली असतात आणि वलयं जवळजवळ ओळखू येत नाहीत. त्याची खरी खूण वेगळीच आहे. बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या रेषा तोंडावर वलयांसारख्या वळत जातात, मध्ये बरंच अंतर सोडून. या राळेच्या नळ्या आहेत. सागात अशा नळ्या नसतात. त्यामुळे ही पांढरी रेषा नक्की दिसली, तर विक्रेता काहीही म्हणो, ते लाकूड साग नाही. मुंबई-पुण्याकडे 'मलेशियन साल' म्हणून चौकटी विकल्या जातात, पण त्या नावाखाली एकाहून अधिक जातींची लाकडं येतात. तिथे या रेषेवरून 'साग नाही' एवढं ठरतं. नेमकी जात ठरत नाही.

पाईनचं तोंड ओळखणं सर्वांत सोपं. त्यात छिद्रं नसतातच. फिकट आणि गडद असे आळीपाळीने पट्टे असतात, आणि गडद पट्ट्याच्या आसपास राळेचे एकेकटे टिपके. हे टिपके दूरदूर असतात, छिद्रांसारखे दाट नसतात.

आता लांब बाजू. सागाच्या फळीवर कमानीसारखी नक्षी असते. पाईनच्या फळीवरही असते, म्हणूनच तपकिरी स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, चढवलेलं पाईन सागाच्या भावात खपवता येतं. दोन गोष्टी बघा. सागात कमानीच्या कडेने सुईने ओढल्यासारख्या बारीक खोबणी असतात, कारण मोठी छिद्रं तिथे लांबीत कापली जातात. पाईनचा पृष्ठभाग या बाबतीत गुळगुळीत असतो. दुसरी खूण रंगाची आहे. पाईनचा मऊ, फिकट पट्टा स्टेन जास्त शोषतो, त्यामुळे स्टेन दिल्यावर तोच अधिक गडद होतो आणि मुळात गडद असलेली रेष उजळ उरते. नक्षी उलटल्यासारखी दिसली की संशय घ्या. सालाच्या फळीवर खोबणी सगळीकडे सारख्या पसरलेल्या असतात. त्याचे धागे एकमेकांविरुद्ध पिळलेले असल्यामुळे काही फळ्यांवर उभे उजळ-गडद पट्टे दिसतात. फळीची दिशा बदलून दुसरा फोटो घेतला की उजळ पट्टा गडद होतो आणि गडद उजळ.

रंगावर मी सर्वांत कमी भर देते. कापलेला साल सुरुवातीला फिकट असतो आणि उघड्यावर तांबूस-तपकिरी होत जातो. पिवळ्या दिव्याखाली तर कोणतंही लाकूड सागासारखं भासतं. आणि एमडीएफवर चिकटवलेला सागाचा पातळ पापुद्राही फोटोत पूर्ण साग म्हणूनच येतो, कारण वरची बाजू खरोखर सागाचीच असते.

तोंडाचा फोटो कसा काढायचा, हे विक्रेत्याला नेमकं सांगावं लागतं. ओंडक्याच्या किंवा नगाच्या टोकाला धूळ, रंग किंवा डांबर असतं, म्हणून आधी टोकाचा पातळ काप काढायला सांगा. करवतीने तंतू फाटतात आणि छिद्रं भुशाने बुजतात. पॉलिश पेपर मारला तर ती आणखी बुजतात. म्हणून अंगठ्याएवढी जागा धारदार पटाशीने किंवा नव्या ब्लेडने गुळगुळीत तासायची, ओल्या फडक्याने पुसायची, शेजारी मोजपट्टी ठेवायची आणि उन्हाच्या तिरप्या उजेडात जवळून फोटो घ्यायचा. व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि छिद्रं पुसट होतात.

फोटोत नसलेली एक गोष्ट विक्रेता वजनकाट्यावर देऊ शकतो. समजा, नग ५ इंच बाय ३ इंच आणि ७ फूट लांब आहे, म्हणजे साधारण ०.७३ घनफूट. वाळलेल्या सागाचं वजन घनफुटाला १८-१९ किलो धरलं तर हा नग साडेतेरा किलोच्या आसपास भरेल. साल घनफुटाला सुमारे २४ किलो, म्हणजे नग साडेसतरा. पाईन साधारण दहा. ओलं लाकूड जास्त भरतं, त्यामुळे काटा एकटा निकाल देत नाही. पण फोटोत पांढऱ्या रेषा दिसतात आणि नग साडेसतरा किलो भरतो, तर सागाचा भाव द्यायचं कारण उरत नाही. पावसात भिजणाऱ्या चौकटीला साल चालतो. जड आणि टिकाऊ आहे, फक्त सुतार रंधा मारताना कुरकुर करील. पाईन तिथे लावू नका. आतल्या कपाटाला ते ठीक आहे.

काही जोड्या फोटोवरून सुटत नाहीत. तून आणि बकाण निंब यांच्यातही मोठ्या छिद्रांची ओळ असते, म्हणून ओळ दिसली की 'साग' म्हणून मोकळं होता येत नाही. तून हलका असल्यामुळे तिथे काटा मदतीला येतो. 'आफ्रिकन टीक' नावाने येणाऱ्या इरोकोत छिद्रं विखुरलेली असतात आणि त्यांना फिकट, पंखासारख्या कडा असतात. चांगल्या फोटोत हे दिसतं, पुसट फोटोत नाही. चंद्रपूरचा साग की बर्मा, हे तर कोणत्याच फोटोतून ठरवू नका. त्याच जातीचं झाड आहे ते.

प्रत्यक्ष गेलात तर तासलेल्या जागेवर बोट फिरवा. सागाचा स्पर्श तेलकट लागतो आणि त्याला कातड्यासारखा वास येतो. आणि व्यवहार मोठा असेल, संपूर्ण घराच्या दारं-खिडक्यांचा, तर लाकडाचा छोटा तुकडा देहरादूनच्या वन संशोधन संस्थेकडे किंवा बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेकडे तपासायला पाठवा. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली काप बघून जात ओळखतात. विसार देण्याआधी पाठवा आणि तुकडा तुमच्यासमोर त्याच नगातून कापून घ्या.