एचपीएलसी मशीन घेऊन वर्ष होत आलं : ए२ चा आकडा किती खरा धरायचा?

बेळगावात टिळकवाडीकडे आमची छोटी लॅब आहे. गेल्या दिवाळीनंतर आम्ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारं एचपीएलसी मशीन घेतलं. त्याआधी थॅलेसेमियाचे नमुने कोल्हापूरला नाहीतर मिरजेला जायचे, आणि रिपोर्ट येईपर्यंत पेशंट दोनदा फोन करायचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सांगायचंय ते या जातीच्या कुठल्याही मशीनला लागू आहे. घेण्याआधी मला कुणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आधी काम कसं चालतं ते थोडक्यात. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये दोन मिली रक्त लागतं, उपाशीपोटी वगैरे काही नाही. मशीन पेशी फोडून त्यातलं हिमोग्लोबिन बोटाएवढ्या कॉलमवर सोडतं. कॉलममधल्या कणांवर ऋण भार असतो, त्याला हिमोग्लोबिन चिकटतं. मग आतून जाणाऱ्या बफरमधलं मिठाचं प्रमाण वाढत जातं तसतसा एकेक प्रकार सुटून बाहेर येतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये एफ साधारण 1.1 मिनिटाला, मुख्य ए 2.5 च्या आसपास आणि ए२ 3.6 ला येतं. बाहेर पडायच्या वेळेवरून प्रकार ओळखायचा, 415 नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला त्यावरून प्रमाण काढायचं. एका नमुन्याला साडेसहा मिनिटं.

थॅलेसेमियाचा कॅरिअर, म्हणजे दोष अंगात असून स्वतः आजारी नसलेला माणूस, ओळखायला यातला ए२ महत्त्वाचा. मोठ्या माणसात तो दोन ते सव्वातीन टक्के असतो. बीटा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे कॅरिअर, असला की मुख्य ए मधली बीटा साखळी कमी बनते, ए२ मधल्या डेल्टा साखळीचा वाटा वर येतो आणि ए२ चार किंवा त्याहून वर जातो. माणूस तसा ठणठणीत असतो, शेतात राबतो, मिलिटरीतही जातो. नवरा-बायको दोघंही मायनर निघाले तर मात्र पंचाईत. मग प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर, म्हणजे कायम रक्त चढवावं लागणारं, असण्याची शक्यता 25 टक्के. आमच्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत अजून आहे, त्यामुळे एका घरात मायनर सापडला की सासर-माहेरची दोन्हीकडची माणसं तपासावी लागतात.

चारच्या वर आणि सव्वातीनच्या खाली मशीन सरळ वागतं. माझी तक्रार, किंवा खरं म्हणजे या रिव्ह्यूचं कारण, मधल्या पट्ट्याचं आहे. 3.3 ते 3.9.

एक केस सांगतो. चंदगड तालुक्यातल्या माहेरची, लग्न करून खानापूर भागात आलेली एक बाई, नववा आठवडा चालू. सीबीसीत हिमोग्लोबिन 9.6, लाल पेशीचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही 66, लाल पेशी 4.9 दशलक्ष, पेशींच्या आकारातली तफावत म्हणजे आरडीडब्ल्यू 18. एमसीव्हीला पेशींच्या संख्येनं भागलं तर साडेतेराच्या आसपास येतं. हा भागाकार तेराच्या खाली गेला तर मायनरचा संशय, वर गेला तर लोह कमी, असं पुस्तकात असतं. इथं तो नेमका उंबरठ्यावर. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन 8, म्हणजे लोह संपलेलंच. मशीननं ए२ दाखवला 3.7.

सोबत सासू होती. तिनं विचारलं, "सर, रक्त कमी आहे म्हणूनच ना? गोळ्या चालू करू, पुढच्या महिन्यात परत बघू."

एरवी हा सल्ला चुकीचा नाही. लोहाची कमतरता असली की ए२ खाली ओढला जातो, त्यामुळे खरा कॅरिअरसुद्धा साडेतीनच्या घरात दिसू शकतो. दोन-तीन महिने लोह देऊन परत मोजलं की चित्र स्पष्ट होतं. पण पोटुशी बाईला ते दोन-तीन महिने नसतात. बाळाच्या वारेचा तुकडा घेऊन डीएनए तपासायचा तर तो साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात, आणि त्याआधी आई-बापाचा दोष नेमका कोणता ते कळलेलं असायला हवं. लोह मात्र लगेच चालू करायचं. मायनर आहे म्हणून लोह देऊ नये, असा एक समज ऐकू येतो. फेरिटिन कमी असेल तर द्यायलाच हवं.

म्हणून तिचा निकाल बाजूला ठेवून नवऱ्याचं रक्त मागवलं. तो कामावर होता, संध्याकाळी आला. "मला काय झालंय? मी तर कधी आजारी पडत नाही," म्हणाला. हिमोग्लोबिन 13.1, कुणीही बघून नॉर्मल म्हणेल. पण लाल पेशी 6.2 दशलक्ष आणि एमसीव्ही 65, भागाकार साडेदहा. पेशी भरपूर, पण प्रत्येक लहान. ए२ आला 5.6. इथं कुणाचा सल्ला घ्यायची गरज नव्हती. सासूबाई मात्र गप्प झाल्या, कारण तोवर सगळी चर्चा सुनेच्या रक्ताची चालली होती.

एक जण पक्का कॅरिअर आणि दुसरा मधल्या पट्ट्यात, अशा वेळी मधल्याला नॉर्मल धरायचं नाही. आम्ही डॉक्टरांशी बोलून दोघांचं रक्त डीएनएसाठी बाहेर पाठवलं. तिच्यात आयव्हीएस 1-5 निघालं. भारतात बीटा थॅलेसेमियाचा हा सगळ्यात जास्त सापडणारा दोष आहे. म्हणजे 3.7 वर ती कॅरिअरच होती, लोह नसल्यानं आकडा दबला होता. पुढे बाळाची तपासणी वेळेत झाली, बाळ मायनर निघालं. बाळंतपणानंतर लोह भरून आल्यावर तिचा ए२ परत मोजला तर 4.4.

तेव्हापासून आमच्या रिपोर्टवर या पट्ट्यात 'नॉर्मल' हा शब्द छापत नाही. एमसीव्ही, फेरिटिन आणि जोडीदाराची तपासणी असं स्पष्ट लिहून देतो. उलटही होतं: बी-बारा कमी असलेल्या माणसाचा ए२ थोडा वर चढू शकतो, पण त्याचा एमसीव्ही मोठा असतो, म्हणून सीबीसी जवळ ठेवल्याशिवाय मी आलेखाकडे बघतच नाही. आणि काही सौम्य बीटा दोषांत ए२ जवळजवळ नॉर्मलच राहतो. तिथं हे मशीन हात टेकतं.

आता दुसरा प्रकार. कॅम्प भागातल्या एका पंजाबी कुटुंबातल्या तरुणाचा नमुना आला. ऐन मे महिना, आमचा एसी बंद पडलेला. मशीननं 4.3 च्या जरा पुढे एक मोठा डोंगर काढला आणि नाव छापलं एस-विंडो, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन ज्या वेळेत बाहेर पडतं त्या खिडकीत. आमच्याकडे हिमोग्लोबिन डी ची खिडकी 3.9 ते 4.3 आणि एस ची 4.3 ते 4.7, दोघांची भिंत सामाईक. मी त्याच दिवसाचा कंट्रोल, म्हणजे आकडे आधीच माहीत असलेला नमुना, काढून बघितला. कंट्रोलमधला ए२ सुद्धा नेहमीच्या वेळेपेक्षा उशिरा आला होता, म्हणजे अख्खा आलेखच पुढे सरकलेला. डोंगराच्या वेळेतून तेवढा उशीर वजा केला तर तो सरळ डी च्या खिडकीत जाऊन बसत होता.

अशा वेळी विजेच्या प्रवाहानं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या जुन्या इलेक्ट्रोफोरेसिसची किंमत कळते. मशीन आल्यावर पार्टनरनं ते अडगळीत टाकायचं ठरवलं होतं, मी टाकू दिलं नाही. त्यात अडचण ही की साध्या क्षारीय पट्टीवर, पीएच 8.6 ला, एस आणि डी एकाच जागी थांबतात. ए२, सी आणि ई यांचंही तसंच, तिघं एका ओळीत. तिथं नुसती पट्टी बघून कुणी सिकल लिहून देत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. पीएच 6.2 च्या आम्ल सिट्रेट अगारवर मात्र डी हा ए च्या बरोबर जातो आणि एस वेगळा पडतो. आम्ही ते लावलं, पट्टी ए च्या जागी आली. सोडियम मेटाबायसल्फाइट घालून केलेल्या सिकलिंगमध्ये पेशी कोयत्यासारख्या झाल्या नाहीत. हिमोग्लोबिन डी चा वाहक, सिकलचा नाही. लग्न ठरत असलेल्या मुलाला चुकून 'सिकल' म्हणून घरी पाठवणं किती महागात पडलं असतं ते सांगायला नको.

हिमोग्लोबिन ई बद्दलही हेच. आमच्या कॉलमवर ई हा ए२ च्याच डोंगरात मिसळतो. ए२ पंचवीस टक्के दिसला तर तो ए२ नाही, ई आहे. ए२ दहाच्या वर दिसला की मी पहिल्यांदा तिथं दुसरं काही आहे असंच धरतो. ज्यांच्याकडे कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस आहे त्यांना ही कटकट नाही, तिथं ई आणि ए२ वेगळे पडतात.

रक्त चढवलेल्या पेशंटचा नमुना घेऊ नका, तीन महिने थांबा. एकदा चिकोडीकडून एक वर्षाचं पोर आलं, हिमोग्लोबिन 4, आणि तपासणीसाठी रक्त काढायच्या आधीच एका ठिकाणी पिशवी लावलेली. आलेखात दिसत होतं ते अर्धं-मुर्धं रक्तदात्याचं. पोराच्या रिपोर्टला काही अर्थ नव्हता, म्हणून आई-बापाचे नमुने काढले. दोघांचाही ए२ पाचच्या वर.

खर्चाचं. मशीन चालू केलं की एक नमुना असो की वीस, कमी आणि जास्त असे दोन्ही कंट्रोल लावावेच लागतात, आणि कॉलमला ठरावीक नमुन्यांची मर्यादा असते. लाइट गेली तर चालू फेरी वाया. म्हणून चांगला यूपीएस मशीनच्या किमतीतच धरा, आणि खोलीचं तापमान रोज लिहून ठेवा. सर्व्हिस इंजिनिअर हुबळीहून यायचा, एका वेळी आठवडा गेला. विकताना हे कुणी सांगत नाही. नमुने थोडे असतील तर आठवड्यातून दोन दिवस ठरवून एकत्र चालवा, ट्यूब फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांवर आठवडाभर टिकते. गरोदर बाईचा नमुना मात्र त्या दोन दिवसांसाठी थांबवू नका. त्या एका ट्यूबसाठी दोन्ही कंट्रोल लावायची तयारी नसेल, तर सरळ बाहेर पाठवून द्या.