वाढीच्या आलेखाची स्लाइड: गढूळपणा दाखवावा की कॉलन्या?

जिवाणूंच्या वाढीचा आलेख शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे ती एक स्लाइड असतेच. आधी सपाट रेघ, मग चढण, मग पठार, मग उतार. लॅग, लॉग, स्टेशनरी, डेथ ही चार नावं मुलं पहिल्याच तासाला पाठ करतात. अडचण येते उभ्या अक्षावर. तयार मिळणाऱ्या बऱ्याच स्लाइड्सवर तिथे नुसतं ‘वाढ’ असं लिहिलेलं असतं. स्लाइड स्वतः करायला बसलात की ही वाढ म्हणजे नेमकं काय, ते ठरवावं लागतं. ब्रॉथचा गढूळपणा, म्हणजे ६०० नॅनोमीटरवरची ओडी, हा एक पर्याय. दर मिलीलिटरमागे किती जिवंत पेशी प्लेटवर कॉलनी करतात, तो आकडा लॉग पट्टीवर मांडणं हा दुसरा. मी सहा वर्षं पहिल्या स्लाइडवर शिकवलं आणि नंतर दुसरीकडे वळलो. ज्यांना यंदा निवड करायची आहे, त्यांच्यासाठी दोन्हींचा अनुभव मांडतो.

ओडीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. क्युवेट भरली, कोऱ्या ब्रॉथवर शून्य केलं, की मिनिटभरात आकडा हाती. मुलांच्या डोळ्यांसमोर फ्लास्क धूसर होत जातो आणि आलेख त्याच वेळी फळ्यावर चढत जातो. दर वीस मिनिटांनी वाचन घेऊन दुपारच्या प्रॅक्टिकलमध्ये चढण पूर्ण दिसते. औषधाची एमआयसी ब्रॉथमध्ये काढताना आपण गढूळपणाच बघतो, त्यामुळे मुलांना पुढे लॅबमध्ये भेटणारी भाषाही हीच आहे. ओडी ०.४ च्या वर गेली की नमुना ब्रॉथनेच विरळ करून वाचायचा, नाहीतर वरची रेघ खोटी वाकते आणि मुलं तिलाच स्टेशनरी फेज समजतात. एवढी काळजी घेतली, तर पहिल्या तासासाठी ही स्लाइड चांगली आहे.

कॉलन्यांची स्लाइड मेहनत मागते. प्रत्येक वेळेचा नमुना सलाइनमध्ये दहा-दहा पटींनी विरळ करायचा, ०.१ मिलीलिटर प्लेटवर पसरायचा, रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ३० ते ३०० कॉलन्या असलेली प्लेट मोजायची. आठ वेळा, प्रत्येकी तीन डायल्युशन आणि दोन-दोन प्लेटी धरल्या तर ४८ प्लेटी होतात. इतकं आगर प्रत्येक बॅचला परवडत नाही. मी आता प्लेट पसरत नाही. माइल्स आणि मिस्रा यांच्या १९३८ च्या पद्धतीने २० मायक्रोलिटरचे थेंब ठेवतो, एका प्लेटवर सहा खाने आखून. खर्च बराच उतरतो. उत्तर मात्र दुसऱ्या दिवशीच मिळतं, आणि तोवर निम्म्या वर्गाच्या डोक्यातून कालचा प्रयोग गेलेला असतो. हा तोटा खरा आहे.

तरीही मी बदललो. त्याचं कारण एकच: अँटिबायोटिकची स्लाइड.

एका वर्षी मी ई. कोलायच्या प्रयोगशाळेतल्या साध्या जातीचे दोन फ्लास्क दाखवले होते. दोन्हीत सुरुवातीला दर मिलीलिटरला साधारण १० लाख पेशी. दुसऱ्या फ्लास्कमधल्या पेशींना आधी तासभर कॅनामायसिनमध्ये ठेवून, दोनदा सेंट्रिफ्यूज करून धुऊन, ताज्या ब्रॉथमध्ये घातलं होतं. ओडीच्या आलेखात दुसरी रेघ पहिलीसारखीच चढली, फक्त काही तास उशिरा. तोंडी परीक्षेत एका मुलीने शांतपणे सांगितलं, “सर, कॅनामायसिनमुळे लॅग फेज लांबली.” तिने मी दाखवलेला आलेख बरोबर वाचला होता. चूक स्लाइडची होती.

हिशेब करून बघा. धुतल्यानंतर १० लाखांतल्या १ हजार पेशीच जिवंत उरल्या असं धरू. १ हजारांवरून पुन्हा १० लाखांवर यायला हजारपट वाढ लागते, म्हणजे दहा दुपटी. ३७ अंशांवर चांगल्या ब्रॉथमध्ये ई. कोलाय साधारण २० मिनिटांनी दुप्पट होतो. दहा दुपटींना २०० मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. या सगळ्या वेळात वाचलेल्या पेशी पूर्ण वेगाने लॉग फेजमध्ये असू शकतात, पण ओडीला त्या दिसतच नाहीत. औषधाने ९९.९ टक्के पेशी मारल्या, आणि आलेख म्हणतो की जिवाणू जरा वेळाने उठले. त्यात भर म्हणजे औषध काढल्यावरही वाचलेल्या पेशी काही काळ वाढीला लागत नाहीत, हा पोस्ट-अँटिबायोटिक इफेक्टही खरा आहे. यातला उशीर किती आणि मरण किती, हे ओडीच्या रेघेवरून वेगळं काढायला मार्ग नाही. कॉलन्यांच्या आलेखात तोच प्रयोग पहिल्या बिंदूलाच बोलतो: एक रेघ ६ वर सुरू होते, दुसरी ३ वर.

हा दोष औषधाविना असलेल्या फ्लास्कमध्येही असतो, फक्त तिथे तो माझ्या लक्षात आला नव्हता. ओडी १ म्हणजे ई. कोलायच्या ढोबळमानाने ८० कोटी पेशी दर मिलीलिटरला. कॉलेजातल्या यंत्रावर मी ०.०२५ च्या खालच्या आकड्यावर विसंबत नाही, आणि ०.०२५ म्हणजे २ कोटी पेशी. १० लाखांपासून तिथे पोहोचायला चारपेक्षा थोड्या जास्त दुपटी, म्हणजे जवळपास दीड तास. खरी लॅग अर्ध्या तासाची असली, तरी आलेखावर दोन तासांची दिसते. मुलं ती सपाट रेघ वहीत उतरवतात आणि खाली लिहितात, ‘या काळात विभाजन होत नाही.’ त्यातला दीड तास तर विभाजनच चाललेलं असतं.

डेथ फेजचंही तसंच. पेशी मेली म्हणून ती प्रकाश विखुरायची थांबत नाही. ती फुटून विरघळली तरच गढूळपणा उतरतो. त्यामुळे ओडीचा खरा आलेख बराच काळ पठारावरच राहतो, आणि स्लाइडवरचा तो सुबक उतार आपण हाताने काढलेला असतो. मी कित्येक वर्षं काढला आहे.

आता चार फ्लास्क घेतो. ई. कोलाय लॉग फेजमध्ये साधारण १० कोटींवर आला, की एकाला काहीच नाही, बाकी तिघांना अनुक्रमे क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कॅनामायसिन. ओडी बघितली तर पहिला चढत राहतो. अँपिसिलिनचा आधी थोडा चढतो, मग पेशी फुटू लागल्या की घसरतो आणि ब्रॉथ पुन्हा निवळतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि कॅनामायसिन हे दोन्ही गढूळपणाच्या बाबतीत मात्र थबकल्यासारखे दिसतात. यातला एक जिवाणूंची प्रथिननिर्मिती नुसती थांबवतो, दुसरा त्यांना मारतो, हे त्या दोन रेघांकडे बघून सांगता येत नाही. दोन तासांनंतरच्या नमुन्याची प्लेट मुलांच्या हातात दिली की सांगावं लागत नाही. क्लोरॅम्फेनिकॉलच्या खान्यात, हजारपट विरळ केलेल्या थेंबातही, कॉलन्या एकमेकींना चिकटून पांढरा थर झालेला. शेजारी कॅनामायसिनच्या त्याच डायल्युशनच्या खान्यात कोरं आगर, कडेला फार तर एखादी कॉलनी. दोन्ही फ्लास्क आदल्या दिवशी सारखेच धूसर होते, हे मुलांना आठवतं आणि मग प्रश्न येतात.

क्लोरॅम्फेनिकॉल सगळ्याच जिवाणूंना नुसतं थांबवतं असा समज मात्र इथून जाऊ देऊ नये. न्यूमोकोकससारख्या काहींना ते मारतंही. स्लाइडवर जिवाणूचं नाव लिहिलेलं असावं, एवढं मी कटाक्षाने पाळतो.

तोच अँपिसिलिनचा डोस रात्रभर वाढलेल्या, स्टेशनरी फेजमधल्या फ्लास्कला दिला, तर कॉलन्यांची संख्या जवळपास हलत नाही. पेशीभित्तिका बांधण्याचं काम चालू असेल तरच त्यात खोडा घालता येतो, आणि पठारावर ते काम जवळपास बंद असतं. पेनिसिलिन वाढणाऱ्याच जिवाणूंना मारतं हे ग्लॅडिस हॉबी आणि सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये दाखवलं. दोन वर्षांनी जोसेफ बिगर यांनी स्टॅफिलोकोकसमध्ये पेनिसिलिन देऊनही तगून राहणाऱ्या मोजक्या पेशींना ‘पर्सिस्टर’ असं नाव दिलं. मूठभर पेशी उरल्या आहेत, हे कळायला कॉलन्याच मोजाव्या लागतात. दहा कोटींत हजार उरल्या तरी ओडीला त्याचा पत्ता लागणार नाही.

कॉलन्यांची पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. स्टॅफिलोकोकसचा घोस एकच कॉलनी करतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधात ई. कोलाय दोऱ्यासारखा लांब होतो, तो दोराही एकच मोजला जातो. आणि नमुन्याबरोबर औषध प्लेटवर गेलं तर जिवंत पेशीही वाढत नाहीत, मग मरण फुगवून दिसतं. हे ओळखायची सोपी खूण आहे: जास्त विरळ केलेल्या खान्यात कॉलन्या आहेत आणि कमी विरळ केलेल्या खान्यात नाहीत, तर नमुन्यासोबत औषधही प्लेटवर आलं आहे. विरळ न केलेला नमुना म्हणूनच धुऊन घ्यायचा.

तुमच्याकडे एकच तास असेल, औषधांचा भाग अभ्यासक्रमात नसेल आणि ऑटोक्लेव्ह आठवड्यातून दोनदाच लागत असेल, तर ओडीची स्लाइड वापरायला माझी हरकत नाही. फक्त उभ्या अक्षावर ‘गढूळपणा’ असं स्पष्ट लिहा आणि डेथ फेजचा उतार काढू नका. अँटिबायोटिक शिकवायचं असेल, तर मात्र मी कॉलन्यांचीच स्लाइड घेईन, वर्गाच्या आदल्या दिवशी प्लेटी टाकून. माझ्या सध्याच्या स्लाइडवर दोन्ही रेघा आहेत, ओडीची फिकट आणि कॉलन्यांची ठळक, आणि कॅनामायसिन दिल्याच्या क्षणापासून त्या एकमेकींपासून दूर जातात. त्या फटीवर बोट ठेवून मी तासाची सुरुवात करतो.