बिल भरलं, आता आठवण कोणी थांबवायची? तीन पद्धती शेजारी शेजारी

मनीषनगरातलं बारा फ्लॅटचं अपार्टमेंट समजा. लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे एकाच कॉमन मीटरवर. महावितरणचं बिल आलं की खजिनदारांना रोज सकाळी मेल जावी आणि भरलं की ती आपोआप बंद व्हावी, एवढंच सचिव काकांना हवं आहे. दुसऱ्या अर्ध्यावर त्यांचा जोर जास्त: "भरल्यावरबी वाजतच राहिलं त लोक पाहनंच सोडून देतात ना बाप्पा." खरं आहे. जुन्या बिलाची मेल न वाचता उडवायची सवय लागली की पुढच्या महिन्याची खरी मेलही तशीच जाते.

फोनमधलं रोजचं रिमाइंडर इथे पुरत नाही. ते ठरलेल्या तारखेला थांबतं किंवा थांबतच नाही. बिल भरलं की नाही, हे त्याला कळायला मार्गच नसतो. बऱ्याच अ‍ॅपमध्ये 'झालं' दाबलं तरी फक्त आजची नोंद मिटते, उद्याची पुन्हा हजर. म्हणून अपार्टमेंटचा हिशेब ज्या गूगल शीटमध्ये आहे, तिथेच अ‍ॅप्स स्क्रिप्टचा वेळेवर चालणारा ट्रिगर लावायचा. अ‍ॅप्स स्क्रिप्ट म्हणजे शीटला जोडलेला छोटा प्रोग्राम आणि ट्रिगर म्हणजे तो ठरलेल्या वेळी आपोआप चालवणारी सोय. तो तीन तऱ्हांनी लावता येतो आणि निवड करायची ती या तिघांत.

पहिली तऱ्हा: रोज चालणारा ट्रिगर, जो अट पूर्ण झाली की स्वतःलाच काढून टाकतो. दुसरी: एकदाच चालणारा ट्रिगर, जो बिल बाकी दिसलं तरच उद्याचा ट्रिगर लावतो. तिसरी: ट्रिगर कायम राहतो, रोज शीट बघतो आणि बाकी नसेल तर गप्प बसतो. चालू असताना तिघांत काही फरक जाणवत नाही. फरक कळतो तो बिघडल्यावर. पहिली बिघडली तर मेल थांबत नाही, कोणीतरी चिडून फोन करतं आणि दोष दिसतो. दुसरी बिघडली तर साखळी तुटते, मेल येणं बंद होतं आणि 'बिल भरलेलं दिसतंय' असं सगळे धरून चालतात.

दुसरी तुटते कशी? एखाद्या सकाळी मेल पाठवतानाच चूक आली, तर उद्याचा ट्रिगर लावायच्या ओळीपर्यंत स्क्रिप्ट पोचतच नाही. शिवाय एका स्क्रिप्टला एका वापरकर्त्याचे 20 ट्रिगर चालतात आणि एकदाच चालणारे ट्रिगर चालून गेल्यावरही यादीत पडून राहतात. ते वेळोवेळी काढले नाहीत तर मर्यादा भरते, नवा लागत नाही. आधी उद्याचा ट्रिगर लावायचा, मग शीट तपासायची आणि बिल भरलेलं असेल तर लावलेला काढायचा, असा उलटा क्रम ठेवता येतो. पण तसं केलं की ती जवळपास पहिलीच तऱ्हा झाली. बिलासाठी मी दुसरी सुचवणार नाही.

पहिलीत जपायचं ते स्वतःला काढताना. अशा स्क्रिप्टमध्ये सगळे ट्रिगर सरसकट काढून टाकणारा तुकडा सहज शिरतो. मग विजेचं बिल भरलं की पाण्याच्या बिलाची आठवणही बंद पडते. काढायचा तो चालू असलेला एकच. खालचं `e` म्हणजे ट्रिगर आपल्या फंक्शनला जी माहिती देतो ती, म्हणून फंक्शनच्या कंसात ते लिहिलेलं हवं:

```javascript
ScriptApp.getProjectTriggers().forEach(t => {
  if (t.getUniqueId() === e.triggerUid) ScriptApp.deleteTrigger(t);
});
```

पण आपला प्रश्न दर महिन्याचा आहे. जूनमध्ये स्वतःला काढून टाकलेला ट्रिगर जुलैत कोण लावणार? काकांनीच. म्हणजे आठवण लावायची आठवण ठेवणं आलं. म्हणून या कामाला माझं मत तिसरीला. रोज दोन-चार सेकंद स्क्रिप्ट चालते, तेवढ्याने कुठलीही मर्यादा भरत नाही. जुलैच्या बिलाची नवी रक्कम टाकून 'भरले' हा रकाना रिकामा केला की आठवण आपसूक जागी होते.

मात्र तिन्ही तऱ्हांत एक गोष्ट सारखी नाजूक आहे: 'भरलं' म्हणजे काय? समजा 3 जूनचं बिल आहे. त्यावर तीन रकमा: 12 जूनपर्यंत तत्पर भरण्याची सूट धरून 6,140, मुदतीपर्यंत म्हणजे 24 जूनपर्यंत 6,200 आणि त्यानंतर 6,280. खजिनदारांनी 26 तारखेला जुना आकडा बघून 6,200 भरले आणि शीटमध्ये 'हो' लिहिलं. आठवण थांबली, पण 80 रुपये थकबाकी म्हणून पुढच्या बिलात येणार. म्हणून अट 'हो' या शब्दावर ठेवू नये. भरल्याच्या तारखेला जी रक्कम लागू होती, तेवढी किंवा जास्त भरली का, हे तपासावं. शेजारी पावती क्रमांकाचा रकाना ठेवावा आणि तो रिकामा असेल तर बिल बाकीच समजावं. यूपीआयवरून पैसे खात्यातून गेले, पण व्यवहार प्रलंबित राहून परत आले, असंही होतं. बँकेचा मेसेज म्हणजे पावती नव्हे.

रिकामा रकाना हा दुसरा चकवा. बिल अजून टाकलेलं नाही आणि भरलेली रक्कमही रिकामी, अशा वेळी जावास्क्रिप्टच्या दृष्टीने 'रिकामं हे रिकाम्याइतकं किंवा जास्त' हे खरं ठरतं. परिणामी पहिली तऱ्हा 1 तारखेलाच समाधान मानून स्वतःला काढून टाकते. तिसरीत तो दिवस नुसता गप्प जातो आणि रक्कम टाकली की गाडी रुळावर येते. तरी तपासणी नीटच लिहावी:

```javascript
const bill = s.getRange('B3').getValue();
const paid = s.getRange('C3').getValue();
if (bill === '') return kalva('बिलाची रक्कम टाका');
const pavti = s.getRange('D3').getValue();
if (Number(paid) >= bill && pavti !== '') return;
```

यातलं `s` म्हणजे हिशेबाचं पान आणि `kalva` हे मेल पाठवणारं आपलंच फंक्शन. C3 मध्ये भरलेली रक्कम, D3 मध्ये पावती क्रमांक. B3 मध्ये त्या दिवशी लागू असलेली रक्कम तारखेवरून सूत्राने आणायची. मात्र भरल्याची तारीख नोंदली की सूत्राने तीच धरली पाहिजे. नाहीतर 12 ला भरलेलं बिल 13 ला पुन्हा बाकी दिसेल.

तिसरीचा खरा दोष तिच्या गप्प बसण्यात आहे. बिल भरलंय म्हणून गप्प की स्क्रिप्ट बंद पडली म्हणून गप्प, हे बाहेरून कळत नाही. म्हणून वरच्या प्रत्येक `return`च्या आधी आणि मेल गेल्यावर शेवटीही एका चौकटीत 'शेवटची तपासणी' म्हणून तारीख लिहायची. ती परवाची दिसली तर काहीतरी बिघडलंय.

पहिली तऱ्हा वाईट नाही, तिची जागा वेगळी. लिफ्ट दुरुस्तीची एकदाच गोळा करायची वर्गणी, मीटरवरचं नाव बदलण्याचा अर्ज, अशा पुन्हा न येणाऱ्या कामांना तीच योग्य. फक्त अटीसोबत शेवटची तारीखही द्यावी. एक फ्लॅट विकला गेला आणि त्याची वर्गणी कधीच आली नाही, तर 'बाराही आले' ही अट जन्मात पूर्ण होणार नाही. तारीख उलटली की 'अकरा आले, एक बाकी, थांबतोय' अशी एक मेल पाठवूनच ट्रिगरने जावं. न सांगता थांबला तर काम झालं असाच समज होतो.

आणि कुठलीही तऱ्हा घ्या, ट्रिगर सचिवांच्या वैयक्तिक खात्यातून लावू नका. ज्याने लावला त्याच्याच खात्याला तो बांधलेला असतो, दुसऱ्याच्या स्क्रिप्टला तो दिसतही नाही, मग काढणं दूरच. अपार्टमेंटच्या नावाने एक वेगळं खातं उघडा आणि समिती बदलली की चाव्यांसोबत त्याचा पासवर्ड द्या.