बॅलन्सिंग की बँडवॅगनिंग? फिनलंडने चार वेळा निवड केली, चारही शेजारी शेजारी ठेवून बघू

नेपाळ, मालदीव, श्रीलंका यांच्याबद्दल वाद सुरू झाला की पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "ते चीनच्या बाजूला गेले", आणि मग हे बॅलन्सिंग की बँडवॅगनिंग यावर गोंधळ. राज्यशास्त्राचा पेपर देणारी मुलंही इथेच अडकतात. माझं मत असं की हे ठरवायचं असेल तर एकच देश घ्यावा ज्याने सगळे पर्याय वापरून बघितलेत, आणि तो देश म्हणजे फिनलंड. रशियाशी साधारण 1,340 किमीची सीमा, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत, म्हणजे अडकित्त्यातली सुपारीच.

आधी अर्थ साफ करू. ज्याची भीती वाटते त्याच्या विरुद्ध ताकद उभी करणं (स्वतःचं सैन्य वाढवून किंवा दुसऱ्याशी युती करून) म्हणजे बॅलन्सिंग, सत्तासमतोल राखणं. ज्याची भीती वाटते त्याच्याच गाडीत जाऊन बसणं म्हणजे बँडवॅगनिंग. इथे बहुतेक जण चुकतात कारण ते "जास्त ताकदवान कोण" एवढंच बघतात. खरं बघायचं ते धोका कोणाकडून आहे, आणि त्यात अंतर आणि हेतू ताकदीइतकेच मोजावे लागतात. लांबचा बलाढ्य देश जवळच्या मध्यम देशापेक्षा कमी भीतीदायक असू शकतो.

आता 1939. फिनलंडने तटस्थ राहायचं ठरवलं, कोणाशी युती नाही. मॉस्कोने लेनिनग्राडच्या सुरक्षेसाठी जमीन आणि तळ मागितले, हेलसिंकीने नकार दिला, 30 नोव्हेंबरला हल्ला झाला. साडेतीन महिने फिनिश सैनिक बर्फात भन्नाट लढले, ब्रिटन-फ्रान्सने मदत पाठवायची तयारीही दाखवली, पण ती मदत येणार कुठून? नॉर्वे आणि स्वीडनमधून, आणि त्या दोघांनी वाट द्यायला नकार दिला. मार्च 1940 मध्ये तह झाला, साधारण अकरा टक्के जमीन गेली आणि चार लाखांवर लोक घरदार सोडून आत आले. तटस्थता हा पर्याय वाईट नाही हो, पण ती सैन्याच्या जोरावर टिकवायची तर एकट्याला किती दिवस लढता येईल आणि मदतीचा रस्ता कोणाच्या हातात आहे हे दोन हिशोब आधी लागतात.

1941 ला फिनलंड जर्मनीबरोबर गेला. वरवर बघितलं तर हे बँडवॅगनिंग वाटतं, कारण तेव्हा युरोपात जर्मनी जिंकत होता ना. पण फिनलंडला भीती रशियाची होती, जर्मनीची नाही, म्हणून गाभा बॅलन्सिंगचाच. फक्त त्यात लोभही मिसळला. गेलेली जमीन परत घेऊन सैन्य जुन्या सीमेच्या पलीकडे पूर्व कारेलियात घुसलं, आणि तिथे "आम्ही फक्त आमचं परत घेतोय" हे म्हणणं पातळ झालं. 6 डिसेंबर 1941 ला, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनीच, ब्रिटनने त्याच्यावर युद्ध जाहीर केलं. म्हणजे एकाच निर्णयात दोन्ही असू शकतं, एका भागाला बॅलन्सिंग म्हणा, दुसऱ्याला फायद्यासाठी जिंकणाऱ्याच्या मागे जाणं, आणि पेपरात तसंच वेगळं करून लिहा.

ही युती मोडली कशी ते मला फार महत्त्वाचं वाटतं. जून 1944 मध्ये रशियाचा जबरदस्त हल्ला आला, विपुरी शहर पडलं, शस्त्रं हवी होती ती जर्मनीकडूनच मिळणार होती आणि जर्मनीची अट होती की रशियाशी वेगळा तह करायचा नाही. राष्ट्राध्यक्ष रिस्तो रुती यांनी 26 जूनला हिटलरला पत्र दिलं, पण ते स्वतःच्या नावाने, म्हणजे मी राष्ट्राध्यक्ष असेपर्यंत वेगळा तह होणार नाही. संसदेची मंजुरी घेतलीच नाही. शस्त्रं आली, आघाडी सावरली, ऑगस्टच्या सुरुवातीला रुतींनी राजीनामा दिला, सरसेनापती मानरहाइम त्या जागी आले आणि सप्टेंबरमध्ये शस्त्रसंधी झाली. शब्द रुतींचा होता, देशाचा नव्हता. त्याची किंमतही त्यांनी स्वतः मोजली, 1946 मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, 1949 मध्ये माफी मिळाली.

मग तिसरी निवड, सगळ्यात जास्त गैरसमज झालेली. फेब्रुवारी 1948 मध्ये स्टालिनचं पत्र आलं, हंगेरी आणि रोमानियाने केलाय तसा करार तुम्हीही करा. पाण्यात राहून माशाशी वैर परवडणार नव्हतं, नाटो अजून जन्मलीच नव्हती, पोर्ककालाचा रशियन नाविक तळ हेलसिंकीच्या जवळच होता. थोडक्यात दुसरा जोडीदार उपलब्धच नव्हता, आणि लहान देश बँडवॅगनिंगकडे वळतो तो बहुतेक वेळा ह्याच परिस्थितीत, म्हणजे धोका जवळ, स्वतः दुबळा, मदत नाही. पण राष्ट्राध्यक्ष पासिकीवी यांनी हंगेरीची नक्कल करायला नकार दिला, फिनिश बाजूने स्वतःचा मसुदा नेला आणि 6 एप्रिलला जी सही झाली त्यात काय होतं बघा: जर्मनी किंवा त्याच्या मित्रांनी फिनलंडवर, किंवा फिनलंडमधून रशियावर हल्ला केला तरच लढायचं, तेही स्वतःच्या हद्दीत, आणि रशियाची मदत दोघांचं एकमत झालं तरच. वर प्रस्तावनेत महासत्तांच्या भांडणाबाहेर राहण्याची फिनलंडची इच्छाही नोंदवून घेतली. हंगेरीला रशियाच्या युद्धात उतरणं भाग होतं, फिनलंडला नव्हतं. नाव एकच, "मैत्री करार", पण कलमं वाचली की दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. म्हणूनच मी ह्याला सरळ बँडवॅगनिंग म्हणत नाही, हे जमवून घेणं होतं, मर्यादा लिहून घेऊन. स्वातंत्र्य गेलं नाही, निवडणुका चालू राहिल्या, 1956 मध्ये पोर्ककाला परत मिळालं.

पण फुकट काहीच नव्हतं. हल्ल्याचा धोका दिसला तर दोघांनी सल्लामसलत करायची, हे त्याच करारातलं कलम रशियाने ऑक्टोबर 1961 मध्ये बाहेर काढलं, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन नोवोसिबिर्स्कला जाऊन सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांना भेटले, सल्लामसलत टळली, पण दरम्यान निवडणुकीतले त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी होंका यांनी माघार घेतली. म्हणजे शेजाऱ्याच्या नाराजीने देशाच्या आतलं राजकारण वळायला लागलं. पत्रकार, प्रकाशक, पुढारी स्वतःच स्वतःला कात्री लावायचे. जमवून घेण्याचा पर्याय निवडणाऱ्याने हा खर्च आधी धरायलाच हवा, कारण तो करारात लिहिलेला नसतो. शेजारच्या नॉर्वेने 1949 मध्ये नाटो घेतली, फक्त शांततेच्या काळात परदेशी तळ देणार नाही असं मॉस्कोला कळवून. तिथली समुद्राची वाट मोकळी होती, आणि रशियाशी सीमा अगदी उत्तरेला, तीही छोटी. दोघांचं उत्तर वेगळं आलं ते हिमतीमुळे नाही, नकाशामुळे.

चौथी निवड 2022 ची. युक्रेनवर हल्ला झाल्यावर हेतूबद्दलचा अंदाज बदलला, आणि आता जोडीदारही उपलब्ध होता, म्हणून हे सरळसोट बॅलन्सिंग. मे मध्ये अर्ज, 4 एप्रिल 2023 ला सदस्यत्व, मध्ये जवळजवळ अकरा महिने, त्यात तुर्की आणि हंगेरीच्या मंजुरीची वाट बघणं. युती जाहीर केली पण अजून तिचं संरक्षण लागू नाही, शेजारी चिडलेला, हा मधला काळ कुठल्याही लहान देशासाठी सगळ्यात धोक्याचा. हेलसिंकीने तो ओळखला होता, अर्ज करायच्या साधारण आठवडाभर आधीच त्यांनी ब्रिटनकडून लेखी आश्वासन घेऊन ठेवलं, त्याच ब्रिटनकडून ज्याची मदत 1940 मध्ये नॉर्वे-स्वीडनच्या वाटेवरच अडकली होती.