आडनाव आधी की नाव आधी: सभासद याद्या जुळवण्याच्या दोन पद्धती

पतसंस्थेच्या नोंदवहीत ‘पाटील संजय रामचंद्र’ असे लिहिलेले असते, तर बँकेच्या यादीत तोच सभासद ‘संजय रामचंद्र पाटील’ असतो. अशा याद्या जुळवताना एक तर नोंदवहीतील पहिला शब्द शेवटी नेता येतो किंवा दोन्हीकडच्या नावांतील शब्द अकारविल्हे लावून त्यांची तुलना करता येते.

दुसरी पद्धत मोहक आहे, कारण तिला क्रमाची फिकीरच नसते. दोन्ही नोंदींतून ‘पाटील रामचंद्र संजय’ हीच ओळ तयार होते. परंतु आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे, त्यामुळे संजयच्या मुलाचे, म्हणजे ‘पाटील रामचंद्र संजय’ याचे नावही नेमक्या त्याच ओळीत बसते आणि बाप-लेकांची खाती एकमेकांत मिसळतात. एकाच ओळीखाली दोन सभासद क्रमांक आले, की हा घोटाळा झाला असे समजावे.

शब्द हलवण्याची पद्धत हा फरक जपते. मात्र नोंदवहीत कोणी मधेच ‘संजय रामचंद्र पाटील’ असे लिहिले असेल, तर त्याचे ‘रामचंद्र पाटील संजय’ होते आणि ती नोंद जुळतच नाही. मला हीच चूक परवडणारी वाटते, कारण न जुळलेली नोंद समोर उरते, तर चुकीची जुळलेली नोंद लपून राहते. म्हणून आधी शब्द हलवावा, उरलेल्या नोंदींनाच अकारविल्हे लावावे आणि त्यातून निघालेली प्रत्येक जोडी जन्मतारखेशी ताडून पाहावी.